आमची वाटचाल: दहा डब्यांपासून सव्वाशे पानांपर्यंत

फोंड्यातलं आमचं स्वयंपाकघर दहा डब्यांवर सुरू झालं, आता लग्नाच्या पंगतीही घेतो. या वाढीत पाककृतीचा तक्ता सर्वांत जास्त वेळा बदलला, कारण माणसं बारा पट झाली म्हणून प्रत्येक जिन्नस बारा पट होत नाही. मोड आलेल्या मुगाचा नारळ घातलेला रस्सा, म्हणजे मुगागाठीचंच घ्या.

दहा पानांना, पानाला दीडशे ग्रॅम धरून, सुके मूग ३५० ग्रॅम लागतात. मोड काढून सोलले की ते साधारण ७०० भरतात. खवलेला नारळ ३०० ग्रॅम, पाणी एक लिटर. १२० पानांना मूग ४.२ किलो आणि नारळ ३.६ किलो, इथवर सरळ गुणाकार चालतो. नारळ मात्र नगावर लिहू नये. एका नारळातून कधी १२० ग्रॅम चव निघतो, कधी १८०. तक्त्यात ग्रॅम ठेवायचे आणि खरेदीपुरते नग काढायचे. B4 मध्ये दहा पानांचा नारळ, D1 मध्ये पानांची संख्या, आणि एका नारळाला १५० ग्रॅम धरले की २४ नग येतात:

```
=ROUNDUP(B4*$D$1/10/150,0)
```

फसगत होते ती पाण्यात. गुणाकाराने १२ लिटर येतं, पण एवढं घातलं की रस्सा पातळ होतो आणि तो आटवत बसलं तर मूग मोडून पिठूळ होतात. छोट्या भांड्यात दहा पानांमागे अर्धा लिटर पाणी उडतं. मोठ्या तोपात पदार्थ बारा पट असला तरी वाफ निघायला तोंड तेवढं मोठं नसतं, त्यामुळे आमच्या तोपात जेमतेम अडीच लिटर आटतं. म्हणून पाणी उलट्या बाजूने काढतो: तयार हवं १८ किलो, त्यातून मूग ८.४ आणि नारळ ३.६ वजा केले की राहिले ६, त्यात आटणारे २.५ मिळवले की साडेआठ लिटर. आटण्याचा आकडा प्रत्येक तोपाचा आणि शेगडीचा वेगळा, तो वजनकाट्यावर एकदा तपासून लिहून ठेवावा. तिखट आधी हिशेबाच्या ऐंशी टक्केच घालून चव बघतो. फोडणीला तेल गुणाकाराने येणाऱ्या ७२० ऐवजी ५०० मिलिलिटर पुरतं.

आता खर्च. मूग १२० रुपये किलो, नारळ ४० रुपये नग, तेल १५० रुपये लिटर असा भाव धरू. मूग ५०४, नारळ ९६०, तेल ७५, मसाला-गूळ-सोलं वगैरे २६०, गॅस १२०. एकूण १,९१९, म्हणजे पानाला १६ रुपये. यात मजुरी आणि डबा नाही. निम्मा पैसा एकट्या नारळाचा आहे, हे ध्यानात ठेवावं: नारळ ४० वरून ५५ झाला तर पान १९ रुपयांवर जातं. म्हणून दर पक्का सांगण्याआधी नारळाचा भाव त्याच दिवशी विचारून तक्त्यात घालतो.

शेवटी भागायचं ते ठरलेल्या १२० ने नव्हे, प्रत्यक्ष निघालेल्या पानांनी. वाढणाऱ्याची पळी दीडशेऐवजी १६० ग्रॅमची निघाली तर ११२ पानंच भरतात आणि पानाचा खर्च १७ रुपयांवर जातो. पळी काट्यावर मोजलेलीच द्यावी.