आमची वाटचाल: माझा परिचय, तीन मापांत

हिंगण्याच्या एमआयडीसीत आमचं छोटंसं वर्कशॉप आहे, संत्र्याच्या ग्रेडिंग आणि वॅक्सिंगच्या मशीन बनवतो. काटोल-वरूडकडच्या पॅकहाउसमध्ये मशीन दिसायला लागल्या तशी परिषदांमधून बोलावणी यायला लागली, आणि प्रत्येकाचा पहिला मेसेज ठरलेला, भाऊ, तुमचा परिचय पाठवून द्या.

परिचय होता ना, आमच्या ब्रोशरमधला. शेतकरी कुटुंबात जन्म, लहानपणापासून यंत्रांची आवड, मग शाळा, मग डिप्लोमा, आणि मशीनचं नाव थेट चौथ्या परिच्छेदात! एका कार्यक्रमपत्रिकेत जागा कमी पडली, डीटीपीवाल्याने खालून कापलं (ते नेहमी खालूनच कापतात) आणि छापून काय आलं तर जन्म, शाळा अन आवड. हॉलमधल्या कुणाला कळावं हा माणूस पोस्ट-हार्वेस्टवर का बोलतोय?

मग भाचीला बसवलं, ती कंपन्यांसाठी लिहायचं काम करते. ती म्हणाली मामा, मोठ्यातून लहान कापायचं नाही, आधी 50 शब्दांचा लिहू. पहिलं वाक्य असं पाहिजे की बाकी सगळं उडालं तरी चाललं पाहिजे. ते असं झालं: "संत्री-मोसंबीच्या ग्रेडिंग व वॅक्सिंग यंत्रांचे नागपूरस्थित उत्पादक; 2009 पासून विदर्भातील पॅकहाउससाठी यंत्रांची रचना व उभारणी." "गेली इतकी वर्षं" असं लिहू दिलं नाही, कारण पुढच्या वर्षी ते खोटं होतं, 2009 मात्र तसंच राहतं.

100 शब्दांच्यात त्याच्या खाली पुरावा आला, कुठल्या प्रकारचं फळ, मशीन किती टनाची, डिप्लोमा. सूत्रसंचालकाला हाच द्यायचा, मोठ्याने वाचायला मिनिटभर पुरतो. 250 वाला स्मरणिकेसाठी, जन्मगाव आणि यंत्रांची आवड तिथे, तीही शेवटी. स्टेजवर कुणी तो वाचला तर दोन मिनिटं आपण खुर्चीत अवघडून बसायचं!

खरी मेहनत क्रम बदलण्यात आहे. लघुउद्योगांच्या कर्जावर बोलायला बोलावलं तेव्हा मशीन दुसऱ्या वाक्यात गेली आणि सीजीटीएमएसई या लघुउद्योगांसाठीच्या सरकारी पतहमी निधीच्या हमीवर घेतलेलं बिनतारणी कर्ज, कामगार किती, हे वर आलं. तालुक्याचा जुना पुरस्कार दोन्हीकडून गेला, मला वाईट वाटलं, पण तो ना फळाबद्दल होता ना कर्जाबद्दल.

आता आयोजकांना एकच विचारतो, मर्यादा शब्दांत आहे की अक्षरांत. ऑनलाइन फॉर्म मराठीत काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजतात, नुसत्या "संत्री"चे सहा होतात, म्हणून 300 अक्षरांच्या खिडकीत 50 शब्दांचाही मावत नाही. तिथे फक्त ते पहिलं वाक्य टाकतो.