दहा प्रश्न आणि बाळंतिणीची मालीश

कोथरूड, पहाटे पावणेपाच. पिल्लू दोन तासांपूर्वीच झोपलंय, मी मात्र टक्क जागी. लीड्सहून येऊन बारा दिवस झाले, म्हणजे आता जेटलॅगचं कारण पण देता येत नाही.

आल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, वजन किती, अंगावरचं पुरतं का, रात्री झोपते का. सगळं बाळाचं. काल मावशीने विचारलं, "खूश आहेस ना गं?" मी हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. खोटं नव्हतं बोलले. दूध पिताना ती माझं बोट घट्ट धरते तेव्हा खरंच भरून येतं, पण त्याच क्षणी मनात येतं की पहाटे गाडी काढून एकटीच वेताळ टेकडीवर जाणारी मी कुठे गेले, आणि असं वाटलं म्हणून परत स्वतःचाच राग येतो.

तिकडे लीड्सला सहाव्या आठवड्यात हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळ-बाळंतिणीला बघायला येणारी नर्स, घरी आली होती. बाळाचं सगळं बघून झाल्यावर तिने माझ्या हातात एक कागद दिला, एडिंबरा स्केल. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांत तुम्हाला कसं वाटलं एवढंच. प्रत्येकाला 0 ते 3 गुण. माझे 11 आले. ती म्हणाली, 13 किंवा जास्त आले तर डिप्रेशन असू शकतं, पण हे निदान नाही, दोन आठवड्यांनी परत भरू. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, तिथे शून्य नसेल तर बेरीज कितीही असो, लगेच बोलायचं. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू हॉर्मोन्स एकदम खाली गेल्याने येतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं, त्याच्या पुढे टिकलं तर अंगावर काढायचं नाही, हे पण तिनेच सांगितलं.

मला सातवा प्रश्न सगळ्यात पटला. बाळ उठवतं का हे तो विचारतच नाही, मनाला बरं वाटत नाही म्हणून झोप लागत नाही का, हे विचारतो. हा फरक मला तोपर्यंत कोणीच सांगितला नव्हता.

पण एक सांगते, ती बाई चाळीस मिनिटांत गेली, आणि रात्री मी आणि नवरा दोघंच. इथे मालीशवाल्या मावशी रोज येतात, कंबरेला तेल लावतात, आई धुरी देते, गरम भात वाढते, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या अंगाला हात लावतंय, फक्त बाळाच्या नाही. ते तिकडच्या कुठल्याच कागदात नाही.

दुसऱ्यांदा 8 आले होते. आत्ता परत भरला, 13.

आई जागी झाली. तिला सगळे प्रश्न मराठीत वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "सातवा परत वाच." वाचला. सकाळी डॉक्टरांना फोन करायचं ठरलंय, आई बरोबर येणार आहे.