भाच्याने मामाला दिलेले सहा लाख

ऑगस्ट 2025 मधली ही घटना आहे. त्या वर्षी आयकर विवरणपत्र भरण्याची मुदत 31 जुलैवरून 15 सप्टेंबरपर्यंत वाढवलेली होती, त्यामुळे एरवी जुलैअखेर उसळणारी गर्दी आमच्या कऱ्हाडच्या कार्यालयात थोडी पांगली होती. अशा एका दुपारी आमचे सर आले. तालुक्याच्या शाळेत त्यांनी मला आठवी ते दहावी गणित शिकवले. ते निवृत्त झाल्यापासून त्यांचे विवरणपत्र मीच भरते, आणि त्यात कधीच काही गुंतागुंत नसते: निवृत्तिवेतन, मुदत ठेवींचे व्याज, कर शून्य.

निवृत्तिवेतन 5,40,000 रुपये आणि व्याज 60,000 रुपये, एवढे आकडे लिहून घेऊन मी सवयीप्रमाणे बँकेचे पासबुक मागितले. व्याजाच्या नोंदी ताडून पाहण्यापलीकडे माझा काही हेतू नव्हता. नोव्हेंबर 2024 च्या पानावर 6,00,000 रुपयांची एकच जमा नोंद दिसली आणि मी थांबले. ही रक्कम कुणाची, असे विचारल्यावर सरांचा चेहरा उजळला. "अगं, माझ्या भाच्याने पाठवले. धाकटीचे लग्न होते ना डिसेंबरात. तो अमेरिकेत असतो, आपल्याच घरी राहून शिकला."

हा भाचा मला आठवत होता. वडील लवकर गेल्यामुळे सरांच्या बहिणीने त्याला पाचवीपासून मामाकडे ठेवले होते. त्याची शाळेची फी, पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयाची फी, वसतिगृहाचा खर्च, सगळे सरांनी शिक्षकाच्या पगारातून केले. आता त्याने मामेबहिणीच्या लग्नाला हातभार लावला होता. कायद्याचे काय ते सांगण्याआधी मी सरांना चहा घ्यायला लावला, कारण जे सांगायचे होते ते सांगणे मला जड जात होते.

त्या वर्षाला लागू असलेल्या आयकर अधिनियम 1961 च्या कलम 56(2)(x) प्रमाणे एखाद्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात कोणत्याही मोबदल्याशिवाय मिळालेली रक्कम सर्व मिळून 50,000 रुपयांहून अधिक झाली, तर ती 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' म्हणून करपात्र ठरते. नातेवाइकांकडून मिळालेल्या रकमेला ही मर्यादा लागत नाही. मात्र नातेवाईक कोण, हे आपले घर ठरवत नाही, त्याच कलमाशी जोडलेली व्याख्या ठरवते. त्या व्याख्येत पती किंवा पत्नी, स्वतःचे भाऊ-बहीण, जोडीदाराचे भाऊ-बहीण, आई-वडिलांचे भाऊ-बहीण, स्वतःच्या व जोडीदाराच्या थेट वंशरेषेतले पूर्वज आणि वंशज, आणि या सर्वांचे जोडीदार येतात. यादी वाचताना लक्षात ठेवायचे ते हे, की नाते नेहमी पैसे घेणाऱ्याच्या बाजूने मोजायचे असते.

इथेच सरांचे प्रकरण अडकत होते. भाच्याच्या बाजूने पाहिले तर मामा हा आईचा भाऊ, म्हणजे व्याख्येत स्पष्ट बसणारा. सरांनी त्याला कितीही लाख दिले असते तरी भाच्याला एक रुपयाही कर पडला नसता. सरांच्या बाजूने पाहिले की भाचा हा बहिणीचा मुलगा; तो सरांचा वंशज नाही, भाऊ नाही, आई-वडिलांचा भाऊही नाही. म्हणून मामाने भाच्याला दिले तर ती नातेवाइकाची भेट, आणि तेच पैसे भाच्याने मामाला परत दिले तर ती परक्याची.

त्याच पासबुकात, दोन आठवड्यांनंतर, सरांच्या साडूने पाठवलेले 1,00,000 रुपये जमा होते. साडू म्हणजे पत्नीच्या बहिणीचा नवरा. जोडीदाराची बहीण व्याख्येत आहे आणि तिचा नवराही आहे, त्यामुळे ते एक लाख पूर्णपणे करमुक्त होते. सर बराच वेळ त्या दोन नोंदींकडे पाहत राहिले. "म्हणजे साडू नातेवाईक, आणि मी हाताने जेवू घातलेला पोरगा नाही?" असे त्यांनी विचारले. या प्रश्नाला मी आजही उत्तर देऊ शकत नाही. ही व्याख्या दोन्ही दिशांनी सारखी असायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि मामाच्या घरी राहून शिकलेल्या मुलांची संख्या आपल्याकडे किती मोठी आहे हे पाहता यात नुकसान कुणाचे होते, हेही उघड आहे.

सर गणिताचे शिक्षक, त्यामुळे त्यांनी लगेच दुसरा धागा पकडला. लग्नाच्या निमित्ताने मिळालेल्या भेटींवर कर नसतो, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते. ते खरेच आहे. लग्नाच्या निमित्ताने मिळालेल्या भेटीवर रकमेची मर्यादा नाही आणि देणाऱ्याच्या नात्याचीही अट नाही. पण कायद्याचे शब्द 'त्या व्यक्तीच्या विवाहाच्या प्रसंगी' असे आहेत, आणि 'ती व्यक्ती' म्हणजे भेट स्वीकारणारी. सूट वधूला आणि वराला आहे, वधूपित्याला नाही. मुलीच्या लग्नात वडिलांना मिळालेल्या रकमेला ही सूट लागू होत नाही, असा निर्णय पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानेही दिलेला आहे. वाढदिवस, मुंज, वास्तुशांत, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, यांपैकी कोणत्याच प्रसंगाला सूट नाही. प्रसंग म्हणून कायद्याने ओळखलेला आहे तो फक्त विवाह. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आलेली, किंवा मरणासन्न व्यक्तीने मृत्यू समोर दिसत असताना दिलेली रक्कम करमुक्त असते, पण त्याचा इथे संबंध नव्हता.

तरीही एक शक्यता उरत होती. भाच्याने ती रक्कम मुळात वधूलाच दिली असेल आणि सोयीसाठी फक्त मामाच्या खात्यात पाठवली असेल, तर ती सरांची भेट नव्हे, असे मांडता आले असते. लग्नातल्या आहेराचे नेमके तसेच झाले होते. पाकिटांतले 1,83,500 रुपये सरांनी आपल्या खात्यात भरले होते, पण आहेराच्या वहीत प्रत्येक पाकिटापुढे देणाऱ्याचे नाव व रक्कम लिहिलेली होती, आणि दहाव्या दिवशी ती पूर्ण रक्कम मुलीच्या खात्यावर वळवलेली होती. ते पैसे मुलीचेच होते, सरांनी फक्त सांभाळले, हे कुणालाही दाखवता येईल असे होते. आहेराची वही लग्नानंतर रद्दीत टाकू नये, असे मी पक्षकारांना सांगते ते याचसाठी.

म्हणून मी सरांना भाच्याचा तेव्हाचा संदेश दाखवायला सांगितले. मोबाइलवर मागे जात जात त्यांनी तो शोधला. मला मनापासून वाटत होते की त्यात मामेबहिणीचे नाव असावे. संदेशात लिहिले होते: मामा, हे तुम्हाला पाठवत आहे, खर्च तुमच्या मनाप्रमाणे करा, हिशेब विचारणार नाही. बँकेच्या कागदावर रकमेच्या प्रयोजनाचा संकेतांक P1302 होता, म्हणजे वैयक्तिक भेट. या संकेतांकाने कर ठरत नाही, पण तोही संदेशाशी जुळत होता. आणि पैसे गेले होते ते कार्यालयाचे भाडे, आचारी आणि मंडप यांच्याकडे, सरांच्याच खात्यातून. मुलीच्या खात्यावर त्यातला एक रुपयाही गेलेला नव्हता.

सरांनी संकोचत विचारले, की हे पैसे उसने घेतले होते असे मागच्या तारखेने लिहून घेतले तर? त्यांनी आयुष्यात कधी खोटा कागद केलेला नाही. तो प्रश्न भीतीतून आला होता. मी नकार दिला. संदेश त्याच्या विरुद्ध बोलत होता, आणि तो नसता तरी मी तसा कागद केला नसता. आता पैसे परत पाठवण्याचाही उपयोग नव्हता, कारण 31 मार्च 2025 ला वर्ष संपले होते आणि त्या वर्षात रक्कम मिळाली, ही घटना पुसता येत नव्हती.

मग आम्ही आकडेमोड केली. "पन्नास हजार वजा करून साडेपाच लाखांवर ना?" असे सरांनी विचारले. बहुतेकांची अशीच समजूत असते. 50,000 ही वजावट नाही, तो उंबरठा आहे. तो ओलांडला की पूर्ण 6,00,000 मोजले जातात. नव्या करप्रणालीत निवृत्तिवेतनातून 75,000 ची प्रमाणित वजावट गेल्यावर 4,65,000, त्यात व्याज 60,000, म्हणजे 5,25,000. इथवर सात लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या सवलतीमुळे कर शून्य होता. भेट मिळवल्यावर एकूण उत्पन्न 11,25,000 झाले, त्यावर कर 68,750 आणि चार टक्के उपकर 2,750, असे 71,500 रुपये. सर पासष्ट ओलांडलेले आणि व्यवसायाचे उत्पन्न नसलेले, म्हणून त्यांना अग्रिम कर लागू नव्हता आणि मुदतीत भरल्यास व्याजही पडणार नव्हते, एवढाच दिलासा. एप्रिल 2025 पासून करसवलतीची मर्यादा बारा लाखांवर गेली आहे. हेच लग्न पुढच्या मोसमात झाले असते, तर याच उत्पन्नावर कर शून्य आला असता.

पैसे येण्यापूर्वी सरांनी एकदा फोन केला असता, तरी हे टळले असते. भाच्याने थेट वधूच्या खात्यावर पाठवले असते, तर विवाहाची सूट पूर्ण लागू झाली असती. किंवा त्याने आईला दिले असते, आणि आईने स्वतःच्या इच्छेने भावाला: मुलगा आईचा वंशज, बहीण भावाची नातेवाईक, दोन्ही भेटी करमुक्त.

आम्ही आयटीआर-2 भरायचे ठरवले, कारण त्यात मोबदल्याशिवाय मिळालेल्या रकमेसाठी स्वतंत्र रकाना आहे. भाच्याकडून भेटीचे सही केलेले पत्र आणि त्याच्या तिथल्या बँकेचा उतारा मागवून घेतला, म्हणजे रक्कम कुठून आली याबद्दल पुढे प्रश्न उरणार नाही.

चार दिवसांनी सर चलन भरण्यासाठी आले असताना भाच्याचा फोन आला. त्याला फार वाईट वाटले होते. कराचे 71,500 रुपये तो त्याच संध्याकाळी मामाच्या खात्यावर पाठवणार होता. सरांनी फोन माझ्या हातात दिला, आणि मी त्याला थांबवले. ती रक्कमही पन्नास हजारांच्या वर होती, म्हणजे चालू वर्षात तीही सरांच्या उत्पन्नात धरावी लागली असती; सवलतीमुळे प्रत्यक्ष कर बहुधा आला नसता, पण पुन्हा तेच कागद झाले असते. "मग मी मामांना काहीच देऊ शकत नाही का?" असे तो म्हणाला. आईला दे, पुढचे तिला ठरवू दे, असे मी सांगितले. सरांनी फोन परत घेतला आणि कुणीही काही पाठवायचे नाही, असे बजावले. मग त्यांनी मुदत ठेव मोडल्याची पावती माझ्यासमोर ठेवली आणि चलनावरचा आकडा स्वतः दोनदा तपासून पाहिला.