आत्याचा प्रश्न

"तुमचा माणूस मुंबईपासून बरोबर असतो, की थेट सिंगापूरलाच भेटतो?"

विश्रामबागच्या टूर ऑफिसात आज आत्यानं हे विचारलं, तेव्हा समोरच्या मुलीला फाइल उघडून बघावं लागलं. सिंगापूरच्या विमानतळाबाहेर भेटतो म्हणे.

म्हणजे आत्याला ज्याची धास्ती आहे ते चेक-इन, दोन्हीकडचं इमिग्रेशन, सगळं तिनं एकटीनंच करायचं! खिडकीसमोर प्रत्येकाला एकट्यानंच उभं राहावं लागतं, हे खरं. पण रांगेत मागं ओळखीचं कुणी असलं की कागद काढताना हात थरथरत नाहीत.

सिंगापुरात तर इंग्रजी पाट्या आणि मेट्रो. तिथं ती माझ्यापेक्षा बरी फिरेल.

त्यापेक्षा मीच रजा काढून दोघींची सहल आखू का? तुम्ही पहिल्यांदा परदेशी कसे गेलात?