बीटा 1 कडे ओढण्याआधी: रोजचा, आठवड्याचा की महिन्याचा रिटर्न?

मूल्यांकनासाठी एका स्मॉलकॅप इंजिनिअरिंग कंपनीचा बीटा काढायचा होता. शेअर एनएसईवर आहे, पण उलाढाल विरळ. निर्देशांक निफ्टी 500 घेतला. आधी भाव बोनस आणि स्प्लिटसाठी सुधारून घेतले. ते राहिलं तर 1:1 बोनसच्या दिवशी 50 टक्क्यांची पडझड दिसते आणि तो एकच बिंदू रिग्रेशनची रेष स्वतःकडे खेचतो. मग उतार आणि त्याची स्टँडर्ड एरर काढली:

```
=SLOPE(C3:C106,D3:D106)
=INDEX(LINEST(C3:C106,D3:D106,TRUE,TRUE),2,1)
```

C मध्ये शेअरचे साप्ताहिक रिटर्न, D मध्ये निर्देशांकाचे. रोजच्या आणि मासिक रिटर्नसाठी ओळींची कक्षा त्यानुसार बदलायची. दोन वर्षांच्या रोजच्या रिटर्नवर बीटा आला 0.58 (एरर 0.09). त्याच दोन वर्षांच्या साप्ताहिक रिटर्नवर 0.86 (एरर 0.19), आणि पाच वर्षांच्या मासिक रिटर्नवर 1.19 (एरर 0.26).

मासिक आकड्याचा काळ वेगळा आहे, त्यामुळे तो थोडा वेगळा येणारच. पण पहिले दोन आकडे एकाच काळातले आहेत. त्यांच्यातली तफावत विरळ उलाढालीतून येते. या डेटाच्या काळात एनएसईवरचा बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी. त्या अर्ध्या तासात सौदाच झाला नाही, तर त्याआधीच्या शेवटच्या सौद्याचा भाव धरतात. म्हणजे शेवटचा सौदा दुपारी दोनला झाला असेल, तर त्यानंतर बाजार हलला तरी या शेअरचा भाव जागचा हलत नाही, आणि ती हालचाल दुसऱ्या दिवशीच्या रिटर्नमध्ये जाते. त्याच दिवसाशी असलेला संबंध त्यामुळे कमी दिसतो. आठवड्याच्या रिटर्नमध्ये अशी गळती फक्त दोन टोकांना होते, म्हणून बीटा वर येतो.

कारण हेच आहे का, हे डिमसनच्या 1979 च्या पद्धतीने तपासता येतं. रोजच्या रिग्रेशनमध्ये निर्देशांकाचे मागच्या तीन दिवसांचे रिटर्नही घातले. त्याच दिवसाचा गुणांक 0.57, मग 0.19, 0.10 आणि 0.03. बेरीज 0.89, साप्ताहिक आकड्याच्या अगदी जवळ. मागच्या दिवसांचे गुणांक शून्याच्या आसपास आले असते, तर उशिराने भाव हलण्याचं स्पष्टीकरण सोडून द्यावं लागलं असतं.

आता बीटा 1 कडे, म्हणजे बाजाराच्या सरासरीकडे, ओढण्याचा भाग. मार्शल ब्लूम यांनी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातल्या शेअरांचे लागोपाठच्या सात-सात वर्षांचे बीटा ताडून पाहिले. पुढच्या काळातले बीटा एकाकडे सरकलेले दिसले. एका जोडीसाठी नातं होतं 0.343 + 0.677 × आधीचा बीटा. त्यावरून दोन-तृतीयांश कच्चा बीटा अधिक एक-तृतीयांश हा प्रघात पडला. आपल्या तीन आकड्यांवर तो लावला तर 0.72, 0.91 आणि 1.13 मिळतात. बाजाराचं जोखीम-अधिमूल्य 7 टक्के धरलं, तर पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यामुळे समभाग भांडवलाच्या खर्चात जवळजवळ 2.9 टक्केबिंदूंचा फरक पडतो. एकाकडे ओढूनही इंटरव्हलमुळे पडलेली दरी मिटत नाही, ती फक्त एक-तृतीयांशाने कमी होते.

व्हासिचेक यांच्या 1973 च्या पद्धतीत वजन ठरलेलं नसतं, ते एररनुसार बदलतं. त्या क्षेत्रातल्या कंपन्यांचे बीटा एकाभोवती 0.35 च्या प्रमाण विचलनाने पसरलेत असं धरलं, तर कच्च्या बीटाचं वजन 0.35² ÷ (0.35² + एरर²). साप्ताहिकसाठी ते 0.77 येतं आणि बीटा 0.89, मासिकसाठी वजन 0.64 आणि बीटा 1.12. रोजच्यासाठी मात्र वजन तब्बल 0.94, बीटा 0.61! निरीक्षणं जास्त, म्हणून एरर लहान, म्हणून सूत्र सगळ्यात जास्त विश्वास नेमका सगळ्यात चुकलेल्या आकड्यावर टाकतं. स्टँडर्ड एररला नमुन्यातला योगायोग कळतो, भाव शिळा असल्याचं कळत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी इंटरव्हलमुळे आलेला कल काढायचा, मगच एकाकडे ओढायचं.

साप्ताहिक आकडाही जसाच्या तसा घेऊ नये. आठवडा शुक्रवारी संपवला तर 0.86, पण इतर चार वारांवर 0.74 पासून 0.97 पर्यंत आकडे आले. पाचही वारांची सरासरी घ्यावी. इथे ती 0.86 च आली. पण या पाच मालिका एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळे एरर पाचपट निरीक्षणांची समजून लहान करायची नाही, 0.19 च ठेवली.

डेटा विकत घेतला असेल तर तो बीटा आधीच ओढलेला आहे का, हे पाहावं. ब्लूमबर्गवर Raw आणि Adjusted वेगवेगळे दिसतात. दुसऱ्या कोणाच्या तक्त्यात नुसतं Beta लिहिलेलं असेल, तर स्वतः रिग्रेशन करून जुळवून पाहावं. नाहीतर 0.58 चे 0.72 आणि त्याचे पुन्हा 0.81 होतात. या कामात मी व्हासिचेकच्या पद्धतीने आलेला साप्ताहिक 0.89 धरला, आणि शेजारी 0.86 ± 0.19 हा कच्चा आकडा, इंटरव्हल, निर्देशांक आणि काळ लिहून ठेवला.