दोन दारं, एक चावी आणि कालची दुपार

कोपरखैरणेत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं दुकान आहे, काल दुपारी खारघरवरून एक मॅडम हॅचबॅक घेऊन आल्या. म्हणाल्या दादा, लॉक मारलं की पुढची दोन दारं लागतात, मागची दोन्ही उघडीच राहतात, आणि रिमोट तर गाडीला चिकटून दाबावा लागतो. मागच्या डाव्या दाराचा अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे दार लॉक करणारी छोटी मोटार, त्यांनी दुसरीकडे पंधरा दिवसांपूर्वीच बदलला होता, दोन दिवस चालला आणि परत तेच. रिमोटचा सेल पण नवीन टाकून झालेला.

मी आधी रिमोट दाबून इंडिकेटरकडे बघितलं, जवळून दाबला तर चारही ब्लिंक झाले. म्हणजे गाडीला सिग्नल कळलाय, पुढचं काम दारांचं, त्यात रिमोटचा काही दोष नाही. हे दोन प्रॉब्लेम वेगळे आहेत हे कस्टमरला सांगितलं तरी पटत नाही, त्यांना वाटतं एकच काहीतरी बिघडलंय.

डावं दार उघडं ठेवून पोऱ्याला ड्रायव्हरच्या स्विचने लॉक-अनलॉक करायला लावलं, तर खटाखट चालतंय! दार बंद केलं की गप्प. आधीच्या मेकॅनिकने बहुतेक दार उघडं ठेवूनच चेक केलं असणार आणि नवीन पार्ट चालतोय म्हणून गाडी देऊन टाकली असणार. मग मी आतलं ट्रिम काढलं, मागच्या सीटवर बसून दार लावून घेतलं, एसी बंद, ठाणे-बेलापूर रोडची धूळ आणि मी, आणि अ‍ॅक्च्युएटरचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढून त्याच्या दोन पिनांमध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला. मीटर मी इथे वापरत नाही, कारण लॉकची पल्स जेमतेम अर्धा-एक सेकंद असते, मीटरचा आकडा स्थिर होईपर्यंत ती संपते, आणि वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवून मोकळा होतो. बल्ब करंट ओढतो, त्याला फसवता येत नाही.

बल्ब पेटेना, ना लॉकला ना अनलॉकला. या मोटारीला दोनच वायरी असतात, लॉकला एकीकडून प्लस येतो, अनलॉकला दुसरीकडून, आणि उरलेली वायर अर्थ होते, त्यामुळे एक जरी तुटली तरी दोन्ही दिशा मेल्या. दार जरा उघडून बिजागरीजवळचं, वायरी दारात नेणारं रबरी बूट बोटांनी वाकवलं आणि बल्ब लुकलुकला. सापडली!

मॅडमना विचारलं, मुलं कुठल्या दाराने उतरतात? अर्थात डाव्या, फुटपाथच्या बाजूने, सोसायटीतली चार मुलं शाळेत सोडायची म्हणजे ते दार दिवसात किती वेळा उघडतं बघा. बूट दोन दारांमधल्या खांबाकडून सोडवून वायरी बाहेर काढल्या तर वरून सगळ्या ठणठणीत. एकेक हलकेच ओढली, तर एकीचं प्लास्टिक रबरासारखं ताणलं गेलं, आत तांबं तुटलेलं. शेजारची पण अर्धी गेलेली. तुटलेल्या जागीच सोल्डर मारलं असतं तर तिथे वायर कडक होते आणि जॉइंटच्या कडेला परत तुटते, म्हणून बारीक तारांची मऊ वायर वीतभर घातली, एक जॉइंट खांबाच्या आत, दुसरा दाराच्या आत, वर हीटश्रिंक. वाकण्याच्या जागी एकही जॉइंट नाही.

उजवं मागचं दार मात्र खरंच अ‍ॅक्च्युएटरचं होतं. तिथे बल्ब दोन्ही वेळा भक्कन पेटला, दार उघडं-बंद कसंही करा. कपलर परत लावला तर अनलॉक होतं, लॉकला नुसतं ट्टर्र करून अर्ध्यात थांबतं. हाताने नॉब सुळसुळीत फिरत होता म्हणजे दांडी जाम नाही, मोटारच थकलेली. नवीन आणून बसवला, प्रश्न संपला.

राहिला रिमोट. सेल काढून बघितला, तीन व्होल्टच्या वर, बरोबर. मग आरशामागे नजर गेली, डॅशकॅम! पार्किंग मोडसाठी कोणीतरी कायम सप्लाय दिलेला, मध्ये व्होल्टेज कमी करणारा एक स्वस्तातला कन्व्हर्टर. अशा कन्व्हर्टरची रेडिओ खरखर असते, रिमोटचा कमकुवत सिग्नल त्यात बुडतो. त्याचा फ्यूज काढला आणि पोऱ्याला चावी देऊन लांब पाठवला, आधी चार पावलांवर अडत होता, आता समोरच्या वडापावच्या गाडीपासून लॉक लागला. फ्यूज परत घातला, तर परत चार पावलं. मॅडमच्या समोरच दोनदा करून दाखवलं.

तर त्या म्हणतात, "दादा, डॅशकॅम मिस्टरांनी बसवलाय, तुम्हीच त्यांना फोन करून सांगा." फोन केला. साहेब पंधरा मिनिटं माझ्याशी वाद घालत होते, शेवटी शनिवारी चांगला कन्व्हर्टर घेऊन येतो म्हणाले, तोपर्यंत फ्यूज मॅडमच्या पर्समध्ये.