आमची वाटचाल : बाजाराच्या दिवसाची वही

तुरीची डाळ काढणारी आमची छोटी मिल आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावपातळीसाठी तयार केलेल्या मिनी डाळ मिलवर सुरुवात झाली. पुढे चाळणी आली, पॅकिंगचं यंत्र आलं, फटका डाळ एक-एक किलोच्या पाकिटात जाऊ लागली. प्रत्येक टप्प्यावर दोन-चार कामं नव्याने लागली आणि जुनं एकही सुटलं नाही. शेवटी सगळी वहीत उतरवली, तेव्हा ठरल्या वेळी परत-परत येणारी कामं ४१ भरली. माणसं मात्र सहाच.

तेव्हापासून आठवडी बाजाराच्या दिवशी, मिल बंद असते तेव्हा, सकाळी एक तास बसायचं असं ठरलं. मालक, दिवाणजी आणि मिस्त्री असे तिघंच. जो काम करतो तो समोर हवा, कारण कामाला खरा वेळ किती लागतो हे त्यालाच ठाऊक असतं.

कामं लावण्याची महत्त्वाचं आणि तातडीचं ही चार घरांची चौकट बऱ्याच जणांना माहीत असते. परत-परत येणाऱ्या कामांना ती जशीच्या तशी लावली की फसते. रोज सकाळी नऊला करायचं काम रोज नऊला तातडीचंच वाटतं. ती तातडी घड्याळाची असते, कामाची नसते. म्हणून आम्ही दोन्ही शब्दांचा अर्थ बांधून घेतला. काम राहिल्याने माल, पैसा, परवाना किंवा माणसाची सुरक्षा यांपैकी काही बिघडत असेल तर ते महत्त्वाचं. आणि पुढच्या बैठकीच्या आत, म्हणजे सात दिवसांत, बिघडत असेल तर तातडीचं. वहीत प्रत्येक कामापुढे दोन रकाने आहेत : "राहिलं तर काय बिघडतं" आणि "किती दिवसांनी कळतं". दुसरा रकाना भरायला वेळ लागतो, पण सगळा निर्णय त्यावरच उभा आहे.

एक काम पूर्ण मांडून दाखवतो. दिवाणजी रोज सकाळी साठेक किराणा दुकानदारांना डाळीचा भाव व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे. बाजारभाव विचारणं, आपला भाव काढणं, संदेश टाकणं आणि येणाऱ्या उत्तरांना उत्तर देणं यात ४० मिनिटं जायची. "काय बिघडतं" पुढे लिहिलं : ऑर्डर कमी होईल. "किती दिवसांनी कळतं" पुढे : आठवडाभरात, कारण बहुतेक दुकानदार आठवड्याला माल उचलतात. नुकसान लवकर कळणारं आणि सहज भरून निघणारं, म्हणून काम तीन आठवडे थांबवलं. तीनच का? प्रत्येक दुकानदाराची खरेदीची पाळी किमान तीनदा यावी म्हणून. एका पाळीवरून काही ठरवू नये. एखादा आठवडा सणाचा निघतो, एखादा उधारीच्या वसुलीचा. त्या तीन आठवड्यांत स्वतःहून भाव विचारणारे आठ दुकानदार निघाले, बाकीच्यांची उचल होती तशीच राहिली. रोजचा संदेश कायमचा बंद केला. त्या आठांना सोमवारी भाव जातो, आणि किलोमागे दोन रुपयांच्या वर फरक पडला तर त्याच दिवशी.

हीच युक्ती गोदाम तपासणीला लावली तर घात होतो. साबूत तुरीला लागणाऱ्या भुंगेऱ्याची मादी दाण्यावर पांढऱ्या टिकलीएवढी अंडी घालते. अळी आत शिरून दाणा खाते आणि बाहेरून काही दिसत नाही. उकाड्यात अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण चार आठवडे लागतात. गोल भोक दिसलं म्हणजे भुंगा उडून गेलेला असतो आणि शेजारच्या पोत्यांवर पुढची अंडी पडलेली असतात. तीन आठवडे तपासणी थांबवली असती तर "काहीच झालं नाही" असा निकाल आला असता आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला असता. ज्या कामाचं यश काहीही न घडण्यात आहे ते थांबवून पाहायचं नाही, एवढा नियम आम्ही पक्का धरला. अशा कामाचं अंतर ठरवताना नुकसानाचा वेग पाहायचा. चार आठवड्यांच्या चक्रात अंडी सापडायला हवीत, म्हणून मार्च ते ऑक्टोबर दर आठवड्याला : प्रत्येक थप्पीतल्या दहा पोत्यांत परखी घालून मूठभर तूर काढायची आणि उजेडात ताटलीत पसरून शंभर दाणे पाहायचे. थंडीत किडीची वाढ मंदावते, तेव्हा पंधरा दिवसांनी पुरतं. फोडलेल्या डाळीवर ही कीड साबूत दाण्याइतकी फोफावत नाही, म्हणून डाळीच्या थप्प्यांची वेगळी साप्ताहिक फेरी मात्र कमी केली.

कागदोपत्री कामांत हात जपून घालावा. २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, तेव्हापासून पाकिटांमुळे हे काम आमच्याकडे वाढलं. उलाढाल ५ कोटींच्या आत असेल तर दर महिन्याऐवजी तिमाही विवरण भरता येतं. वहीत हे "बंद" म्हणून गेलं असतं, पण निम्मंच बंद होतं. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावाच लागतो. शिवाय आपली बिलं पोर्टलवर चढली नाहीत तर माल घेणाऱ्या दुकानदाराला कराचं क्रेडिट मिळत नाही आणि तो फोन करतो. त्यासाठी पहिल्या दोन महिन्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत वेगळी चढवायची सोय आहे. ती ऐच्छिक असली तरी आम्ही ती महत्त्वाच्या घरात ठेवली. तारखेची कामं या बैठकीत फक्त इतकंच पाहायला येतात की पुढच्या सात दिवसांत कुठली तारीख पडते.

बारदान्याची रोजची मोजणी आठवड्यावर गेली. विक्रीची दुसऱ्या रजिस्टरमधली नक्कल बंद झाली. ती कोण पाहतं असं विचारल्यावर कुणाचंच नाव निघालं नाही.

चूक बहुतेक "बंद"मध्ये होत नाही, "थांबवलं"मध्ये होते. बंद केलेल्या कामाची सगळ्यांना आठवण असते, थांबवलेलं विसरून जातं. पावसाळ्यात दळण कमी, म्हणून एमरी रोलची साप्ताहिक तपासणी थांबवणं बरोबरच आहे. पण नव्या तुरीचा हंगाम सुरू झाल्यावर ती परत सुरू झाली नाही, तर गुळगुळीत झालेला रोल साल नीट काढत नाही. डाळीत सालीसकट दाणे दिसू लागतात. मिस्त्री तोच माल पुन्हा फिरवतो, आणि मग चुरी वाढून डाळीचा उतारा पडतो. दोष तुरीवर जातो, ओलाव्यावर जातो, रोलकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. ओळखायची खूण साधी आहे : शंभर ग्रॅम डाळीत साल राहिलेले दाणे मोजा. आठवड्याला आकडा चढत असेल तर रोल पाहा.

म्हणून वहीच्या मागच्या पानावर थांबवलेल्या कामांची वेगळी यादी आहे. परतीची तारीख, परतीची खूण आणि माणूस, या तिन्ही गोष्टी भरल्याशिवाय तिथे नोंद होत नाही. रोलची नोंद अशी आहे : "जुलैपासून थांबवलं. परत १५ डिसेंबर, किंवा नवी तूर पहिल्यांदा काट्यावर आली की, जे आधी होईल ते. मिस्त्रीला सांगायचं काट्यावरच्या माणसाने, त्याच दिवशी."